आधी कोणती भाषा, हे वाचणाऱ्याकडे बघून ठरव

प्रिय,

तुझा मसुदा मिळाला. प्रशिक्षणाची तारीख बदलल्याची सूचना मराठी आणि इंग्रजीत एकाच मेलमधून पाठवायची आहे. तू एक परिच्छेद मराठीत, त्याखाली त्याचा सारांश इंग्रजीत, मग पुन्हा मराठी, पुन्हा इंग्रजी अशी वीण घातली आहेस. आणि खाली विचारलं आहेस, 'इंग्रजी औपचारिक म्हणून आधी घेऊ, की मराठी आपली म्हणून?'

ही दोन्ही कारणं बाजूला ठेव. औपचारिकपणा पाठवणाऱ्याचा, अभिमानही पाठवणाऱ्याचाच. मेल मात्र वाचणाऱ्यासाठी असतो. ज्याला दुसरी भाषा येत नाही आणि ती वाचून दाखवणारंही जवळ कुणी नाही, त्याची भाषा आधी. हे मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळा आला तरी वाच.

तुझ्या यादीत तीन प्रकारची माणसं असतील. दोन्ही भाषा येणारे, फक्त मराठी वाचणारे आणि फक्त इंग्रजी वाचणारे. पहिल्यांचा विचार सोडून दे, ते कसंही वाचतील. उरलेल्या दोघांपैकी परकी लिपी दिसल्यावर मेल बंद करून गप्प बसणारा कोण, ते शोध. जो 'मला कळलं नाही, पुन्हा पाठवा' असं उलट लिहितो त्याची काळजी कमी. जो काहीच न बोलता निघून जातो, त्याची जागा वर. बहुतेक याद्यांत हा माणूस मराठी वाचणारा असतो, म्हणून तुझ्या मेलमध्ये मराठी आधी. पण उद्या तुझ्या यादीत असा कुणी आला, ज्याला फक्त इंग्रजी येतं आणि मराठी वाचून दाखवणारं जवळ कुणीच नाही, तर इंग्रजी आधी घे. मला त्याचं जराही वाईट वाटणार नाही.

मी हे एवढं ताणून का धरते, ते सांगते. एका कार्यालयात अर्ज भरण्याच्या मुदतीची सूचना जाणार होती. वर इंग्रजी, खाली मराठी. मी उलट करा म्हणून अडून बसले. मला सांगण्यात आलं की वरची जागा इंग्रजीचीच असते, प्रथा आहे. सूचना तशीच गेली. मुदत संपल्यावर माणसं येऊन विचारू लागली, 'मराठीत काही आलंच नाही का?' आलं होतं. त्यांच्या फोनवर दोन पडदे खाली होतं. त्यांना 'खाली होतं की' असं उत्तर मिळालं, आणि कागदोपत्री ते बरोबरच होतं. त्या माणसांचे अर्ज राहिले ते राहिलेच. ती हळहळ अजून जात नाही. तेव्हा मला हट्टी म्हटलं गेलं. आजही म्हणतात. म्हणू देत. मेल पोचणं वेगळं आणि वाचला जाणं वेगळं, हा फरक धरून बसणं हट्टीपणा असेल तर मी तो सोडणार नाही.

आता तुझी वीण. एक मराठी, एक इंग्रजी असं लिहिताना तुला सोयीचं वाटलं, कारण दोन्ही मजकूर जुळवून बघता येतात. मसुदा तपासायला ही मांडणी उत्तम आहे, तपासण्यापुरती जरूर ठेव. पाठवताना मोड. वाचणाऱ्याला प्रत्येक परिच्छेदानंतर उडी मारावी लागते, एखादी उडी चुकते, आणि नेमका वेळेचा परिच्छेद सुटतो. मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या अंध वाचकाला तर दोन्ही भाषा आळीपाळीने ऐकाव्या लागतात. दोन भाषांचे दोन स्तंभ शेजारी शेजारी करण्याचा मोह होईल, तोही टाळ. फोनच्या अरुंद पडद्यावर स्तंभ चिमटतात आणि एका ओळीत दोन-तीन शब्द उरतात. एक भाषा पूर्ण, मग दुसरी पूर्ण, एवढंच.

पण मग खालच्या भाषेवाल्याचं काय? त्याच्यासाठी अगदी वर, 'नमस्कार'च्याही आधी, त्याच्या भाषेत एक ओळ. कॅनडाच्या संघीय कार्यालयांचे इंग्रजी-फ्रेंच मेल बघितलेस तर हे दिसेल. वरचा मजकूर इंग्रजी असेल तर माथ्यावर फ्रेंचमध्ये लिहिलेलं असतं की फ्रेंच खाली आहे, आणि फ्रेंच वर असेल तर उलट. तू त्याच्या पुढे एक पाऊल जा. त्या ओळीतच मुख्य बातमी सांगून टाक. तुझा मेल असा दिसेल:

```
विषय: प्रशिक्षण आता 14 जूनला | Training moved to 14 June

Training is now on 14 June. English text follows the Marathi.

नमस्कार,
10 जूनचे प्रशिक्षण आता 14 जूनला सकाळी 10 वाजता होईल.
जागा तीच आहे. येणार नसाल तर 12 जूनपर्यंत कळवा.

* * *

Hello,
The training planned for 10 June will now be held on
14 June at 10 a.m. The venue is the same.
If you cannot come, please tell us by 12 June.
```

वरच्या ओळीचा आणखी एक उपयोग आहे, तो लोकांच्या लक्षात येत नाही. मेल उघडण्याआधी यादीत विषयाखाली मजकुराची सुरुवात दिसते. फोनवर विषय साधारण तीस-चाळीस अक्षरांनंतर तुटतो, म्हणजे विषयातला इंग्रजी भाग बऱ्याच जणांना पूर्ण दिसणारच नाही. त्या वेळी इंग्रजी वाचणाऱ्याला ही खालची ओळ सापडते. न उघडताच एकाला विषयातून आणि दुसऱ्याला पहिल्या ओळीतून तारीख कळते. विषयात आकडे मी मुद्दाम दोघांना ओळखता येतील असे ठेवले आहेत. आणि विषयाची सुरुवात 'महत्त्वाची सूचना' अशी करू नकोस. त्या दोन शब्दांत विषयाची निम्मी जागा जाते आणि कळत काहीच नाही.

दोन भाषांमधल्या खुणेकडेही बघ. तू दोन डॅश टाकले आहेत. ओळीत फक्त दोन डॅश आणि एक मोकळी जागा असली की कित्येक मेल प्रोग्रॅम त्याखालचं सगळं सही समजतात. थंडरबर्ड तो भाग फिकट करून दाखवतो आणि उत्तर देताना गाळून टाकतो. म्हणजे पहिल्या खुणेखालचा तुझा अख्खा मजकूर सही म्हणून गेला असता. तारे टाक, आडवी रेघ टाक, काहीही चालेल, पण ते दोन डॅश नकोत. कार्यालयाचा पत्ता आणि फोनचा लांब मजकूरही दोन्ही भाषांच्या मध्ये ठेवू नकोस. तो दिसला की मेल संपला असं वाटतं. तो शेवटी, एकदाच.

मेल एचटीएमएलमध्ये जाणार असेल, तर प्रत्येक भाषेचा भाग वेगळा सांग:

```
<div lang="mr"> ... </div>
<hr>
<div lang="en"> ... </div>
```

अंध वाचकाचं सॉफ्टवेअर या खुणेवरून उच्चार बदलतं. खूण नसेल तर मराठी मजकूर इंग्रजी आवाजात, किंवा उलट, वाचला जाऊ शकतो आणि मग ऐकणाऱ्याला काही कळत नाही. वर आलेली ती एक इंग्रजी ओळसुद्धा स्वतःच्या `lang="en"`मध्ये गुंडाळ.

तू विचारलं आहेस की मेल प्रोग्रॅमनेच वाचकाची भाषा निवडावी अशी सोय नाही का. आहे. २०१७च्या आरएफसी ८२५५ या इंटरनेटच्या मानकात `multipart/multilingual` नावाचा प्रकार ठरवला गेला. पण तो मेल प्रोग्रॅमांत रुजलेला नाही, तेव्हा त्याच्या भरवशावर राहू नकोस.

खालच्या भाषेला तू सारांशावर भागवलं आहेस, त्याचा मला राग आला. खाली असणं म्हणजे कमी असणं नव्हे. तुझ्या इंग्रजीत 'येणार नसाल तर कळवा' हे वाक्यच नाही. मग ज्याने कळवलं नाही, त्याला जबाबदार कसं धरणार? वेल्समध्ये वेल्श भाषेचे मानदंड लागू असलेल्या संस्थांनी दोन्ही भाषांत पत्र पाठवलं, तर वेल्श मजकुराला इंग्रजीपेक्षा कमी वागणूक देता येत नाही. तसा नियम तुझ्यावर नसला तरी तो पाळ. तोच अक्षरांचा आकार, तोच रंग, त्याच तारखा, त्याच लिंका.

तपासताना वाक्यं वाचत बसू नकोस, डोळा चुकतो. दोन्ही भागांतून फक्त तारखा, वेळा, नावं आणि लिंका उतरवून घे आणि शेजारी ठेव. शेवटच्या क्षणी बदललेली तारीख नेहमी वरच्या भाषेत सुधारली जाते आणि खाली जुनी राहते. ती अशीच सापडते.

लांबीचं भानही ठेव. जीमेल साधारण १०२ केबीच्या पुढचा मेल कापतो आणि उरलेला बघण्यासाठी एक लिंक ठेवतो. साध्या सूचनेला ही मर्यादा कधी लागत नाही, पण वर्डमधून चिकटवलेला मजकूर सोबत पुष्कळ अदृश्य कोड आणतो, आणि देवनागरीचं एकेक अक्षरचिन्ह यूटीएफ-८मध्ये तीन बाइट घेतं. कापलं जातं ते खालचं, म्हणजे एका भाषेचा वाचक पूर्णच हुकतो. साधा मजकूर म्हणून चिकटव आणि मग ठळक वगैरे काय करायचं ते कर. वरचा भाग फोनच्या दीड पडद्यापेक्षा लांबला तर तो छाट. खालच्याला जागा वर राहणाऱ्यानेच करून द्यायची असते.

प्रत्येकाची भाषा तुला माहीत असेल, तर हा सगळा खटाटोप करूच नकोस. यादीचे दोन भाग कर आणि एकेका भाषेत स्वतंत्र मेल पाठव. द्वैभाषिक मेल माहिती नसताना पाठवायचा, किंवा सगळ्यांना एकच गोष्ट सांगितली याची नोंद हवी असताना. उत्तरं मात्र ज्याने ज्या भाषेत लिहिलं त्या भाषेतच दे.

तुझे साहेब 'इंग्रजी वर घ्या' म्हणतील, हेही तू लिहिलं आहेस. वाद प्रथेवर नेऊ नकोस, भाषेच्या मानावर तर नकोच. त्यांना एवढंच विचार, 'या यादीत कुणी मेल न वाचताच सोडून दिला तर तो कोण असेल?' जे उत्तर येईल त्याची भाषा वर. संस्थेचा लेखी नियमच वेगळा असेल तर तो पाळावा लागेल. मग निदान मराठीची ती ओळ माथ्यावर तारखेसह घाल, त्याला कुणी आडवं येत नाही.

दुरुस्त मसुदा मला पाठवण्याआधी स्वतःच्या फोनवर पाठव, आणि न उघडता यादीत काय दिसतं ते लिहून कळव.

तुझी,
ताई