ऑन-टाइम डिलिव्हरी: एका ईआरपीतून तीन आकडे का निघतात

> सेल्सच्या रिपोर्टमध्ये ऑन-टाइम डिलिव्हरी ९६ टक्के दिसते, डिस्पॅचच्या रिपोर्टमध्ये ८८, आणि आमचा मोठा ग्राहक म्हणतो निम्मा मालही वेळेवर येत नाही. ईआरपी एकच आहे, मग आकडे तीन कसे? व्याख्या नेमकी लिहायची कशी? इन्व्हेंटरी टर्नओव्हर आणि डीएसओचंही असंच चाललंय.

बहुधा तिन्ही आकडे बरोबर असतील, फक्त ते तीन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतील. ऑन-टाइम डिलिव्हरीवर जरा सविस्तर लिहितो, कारण तिथे व्याख्येत सगळ्यात जास्त फटी राहतात. ती एकदा नीट बसली की बाकीचे दोन, म्हणजे स्टॉक वर्षात किती वेळा फिरतो तो इन्व्हेंटरी टर्नओव्हर आणि विक्रीचे पैसे सरासरी किती दिवसांनी येतात तो डीएसओ, त्याच वाटेने सुटतात.

आधी एकच ऑर्डर घेऊ. ग्राहकाने माल १० तारखेला मागितला, आपण १४ तारीख कबूल केली. वाहतुकीला दोन दिवस लागतात. ऑर्डरमध्ये चार ओळी आहेत. पहिली १०० नगांची, १३ला निघाली. दुसरी ४० नगांची, १४ला निघाली. तिसरी ६० नगांची: ५० नग १४ला गेले, उरलेले १० नग २०ला. चौथी २० नगांची. तिचा कच्चा माल आला नाही म्हणून १२ तारखेला प्लॅनिंगने तारीख १८ केली आणि माल १७ला निघाला.

आता मोजा. सिस्टीममध्ये आज दिसणारी तारीख घेतली आणि ओळीचा पहिला डिस्पॅच धरला, तर चारही ओळी वेळेवर, म्हणजे १०० टक्के. मूळची १४ तारीख धरून नग मोजले, तर २२० पैकी १९० वेळेवर, म्हणजे सुमारे ८६ टक्के. मूळची तारीख आणि पूर्ण निघालेली ओळ असा हिशेब केला, तर चारपैकी दोन, म्हणजे ५० टक्के. आणि १४ला माल आपल्या दारात हवा होता असं ग्राहक समजत असेल, तर शून्य, कारण पहिली ओळसुद्धा त्याच्याकडे १५ला पोचली. कोणी खोटं बोललं नाही, एकही नोंद चुकीची नाही, तरी एकाच ऑर्डरवर १०० पासून शून्यापर्यंत आकडे निघतात.

म्हणून व्याख्या लिहिताना सूत्र शेवटी येतं. आधी ठरवायचं की कुठली तारीख कशाशी ताडायची, काय मोजायचं (नग, ओळ की अख्खी ऑर्डर), आणि भाजकात कोण बसणार.

तारखेपासून सुरू करतो, कारण खरं दुखणं तिथे आहे. एका कारखान्यात हे काम करत होतो तेव्हा महिनोन् महिने आकडा ९५च्या वर आणि ग्राहकांच्या तक्रारी मात्र थांबेनात. शेवटी ऑर्डरच्या ओळींवरच्या बदलांची नोंद काढली आणि प्रत्येक ओळीची कबूल तारीख किती वेळा बदलली, शेवटची कधी बदलली, एवढंच पाहिलं. बऱ्याच ओळींची तारीख डिस्पॅचच्या आदल्या एक-दोन दिवसांत पुढे ढकललेली होती. आकडा सुंदर दिसावा म्हणून कोणीतरी हे करतंय असंच मला वाटलं. प्लॅनिंगच्या मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, "अहो, तारीख हलवली नाही तर सिस्टीमचं माल-नियोजन, एमआरपी, ती ऑर्डर थकीत धरतं, आणि दुसऱ्या ऑर्डरींना लागणारा माल आधी हिच्याकडे ओढतं. मी प्लॅन कसा चालवायचा?"

त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं. प्लॅनिंगला आजची खरी अपेक्षित तारीख लागतेच. गडबड अशी की 'आता माल कधी निघेल' आणि 'आपण काय शब्द दिला होता' या दोन गोष्टी एकाच रकान्यात राहत होत्या. पहिली गोष्ट बदलत राहायला हवी, दुसरी आपल्या अडचणीमुळे कधीच बदलता कामा नये. एका रकान्यात दोन्ही बसत नाहीत.

त्यामुळे पहिलं काम म्हणजे ऑर्डरच्या ओळीवर वेगळा रकाना जोडणं: पहिली कबूल तारीख. ऑर्डर पहिल्यांदा कन्फर्म झाली की तो आपोआप भरायचा आणि लगेच लॉक करायचा. ग्राहकाने स्वतःहून तारीख पुढे मागितली, तरच तो बदलायचा, आणि तेही कारणाचा कोड व ग्राहकाचा मेल जोडून. आपला माल आला नाही, मशीन बंद पडलं, ट्रक मिळाला नाही, या कारणांनी फक्त प्लॅनिंगची तारीख हलेल. हा कोड देण्याचा अधिकार सेल्स किंवा प्लॅनिंग दोघांकडेही ठेवू नका, कारण आकड्याने ज्याचं मूल्यमापन होतं त्याच्या हातात अपवादाची किल्ली नको. महिन्याअखेरीस 'ग्राहकाच्या विनंतीवरून' हा कोड किती ओळींवर पडला ते जरूर बघा. तो अचानक वाढला की जुनी सवय नव्या दारातून परत आली समजा.

ग्राहकाने मागितलेली तारीख हा तिसरा रकाना. तोही जपा, पण तिच्याशी ताडलेल्या आकड्याला वेगळं नाव द्या. तो आकडा आपली क्षमता बाजाराला पुरते का हे सांगतो, तर कबूल तारखेचा आकडा आपण शब्द पाळतो का हे सांगतो. दोन्ही एकाच नावाखाली फिरले की मीटिंगमध्ये अर्धा तास वादात जातो.

दुसऱ्या बाजूची तारीख, म्हणजे माल खरंच कधी गेला ती. कबूल तारीख डिस्पॅचची आहे की पोचण्याची, हे आधी कराराच्या कागदात बघा आणि दोन्ही बाजू एकाच टोकावर ठेवा. पोचण्याची तारीख कबूल करून डिस्पॅचच्या तारखेशी ताडायचं हे फार सर्रास चालतं. पोचल्याची सही सिस्टीममध्ये येतच नसेल, तर डिस्पॅच अधिक त्या मार्गाचे ठरलेले वाहतुकीचे दिवस धरा आणि तसं व्याख्येत स्पष्ट लिहा. हा अंदाज आहे, मोजमाप नाही, हे वाचणाऱ्याला कळलं पाहिजे.

इथे आणखी एक सापळा आहे. डिस्पॅचची पोस्टिंग तारीख हाताने मागची टाकता येते. म्हणून ती तारीख आणि नोंद प्रत्यक्ष सिस्टीममध्ये झाली ती तारीख, या दोन्ही शेजारी ठेवून बघा. एसएपीत त्या `BUDAT` आणि `CPUDT` या रकान्यांत मिळतात, ईआरपीनेक्स्टमध्ये स्टॉक लेजर एंट्रीच्या `posting_date` आणि `creation` मध्ये. एक दिवसाचा फरक रात्रपाळीमुळे पडू शकतो. महिन्याच्या पहिल्या तारखांना तीन-चार दिवस मागच्या नोंदी दिसू लागल्या, तर व्याख्येकडे नंतर बघा, आधी गोदामात जाऊन बोला.

मोजायचं काय, यावर माझं मत ठाम आहे: पूर्ण निघालेली ओळ. नगांवर मोजलं की मोठ्या ओळी छोट्यांना झाकून टाकतात, आणि नेमका छोटा सुटा भाग न आल्यामुळे ग्राहकाची लाइन थांबलेली असते. अख्खी ऑर्डर धरली तर पन्नास ओळींची ऑर्डर जवळजवळ नेहमीच नापास होते. माल संच म्हणूनच वापरला जात असेल तर ऑर्डर धरणं योग्य, एरवी नाही.

आता भाजक. तुमच्या सेल्स आणि डिस्पॅचच्या आकड्यांतला फरक बहुधा इथेच आहे. समजा, या महिन्यात २०० ओळी देय होत्या. १५० वेळेवर गेल्या, २० उशिरा पण महिन्याच्या आत गेल्या, ३० अजून पडून आहेत. रिपोर्ट निघालेल्या मालावर बनवला असेल तर १७० पैकी १५०, म्हणजे ८८ टक्के. देय ओळींवर बनवला तर २०० पैकी १५०, म्हणजे ७५. पहिल्या पद्धतीत जो माल गेलाच नाही तो हिशेबातूनच गायब होतो, आणि जितका जास्त अडकेल तितका आकडा फुगतो. म्हणून महिना नेहमी कबूल तारखेवरून ठरवा. देय तारखेच्या आधी ग्राहकाने रद्द केलेली ओळ वगळा, पण उशिराला कंटाळून नंतर रद्द केली असेल तर ती भाजकात राहिलीच पाहिजे.

क्वेरी एवढीच होते:

```sql
SELECT date_trunc('month', first_promise_date) AS due_month,
       count(*) AS due_lines,
       count(*) FILTER (
         WHERE full_ship_date <= first_promise_date
       ) AS on_time_lines
FROM   otd_line
WHERE  first_promise_date < current_date
  AND  NOT cancelled_before_due
GROUP  BY 1;
```

न निघालेल्या ओळीची `full_ship_date` रिकामी असते, त्यामुळे ती वेळेवरच्या रकान्यात जात नाही, पण देय ओळींत मोजली जाते. आपल्याला तेच हवं आहे. वर्गीकरण `otd_line` या एकाच व्ह्यूमध्ये ठेवा आणि सेल्स, डिस्पॅच, दोघांचे रिपोर्ट तिथूनच काढा. प्रत्येकाने स्वतःच्या एक्सेलमध्ये फिल्टर लावला की पुन्हा तीन आकडे.

डीएसओमध्येही आधी भाजकच तपासा. येणे बाकीत कर धरलेला असतो, नफा-तोट्याच्या विक्रीत नसतो. महिन्याची उधार विक्री १०० आणि कर १८ टक्के धरला, आणि बरोबर एका महिन्याची बाकी थकलेली असेल, तर बाकी ११८ दिसते. त्या ११८ला १००ने भागून ३०ने गुणलं की ३५.४ दिवस येतात, खरे दिवस ३०. वसुली जराही न बिघडता सुमारे साडेपाच दिवस वाढलेले दिसतात. रोखीची विक्री भाजकात शिरली तर उलट दिवस कमी दिसतात, आणि ग्राहकांचे अॅडव्हान्स बाकीतून वजा झाले तरीही तसंच. अॅडव्हान्स वेगळे काढून ठेवा.

इन्व्हेंटरी टर्नओव्हरच्या भागाकारात वर विक्री घेतली आहे की विकलेल्या मालाचा खर्च, ते बघा. स्टॉक खर्चाच्या दराने असतो, म्हणून वरही खर्चच हवा. सरासरी स्टॉक मात्र सुरुवातीचा आणि शेवटचा असे दोनच आकडे घेऊन काढू नका, वर्षअखेरीला स्टॉक मुद्दाम उतरवलेला असतो. सुरुवातीचा एक आणि बारा महिनाअखेरींचे, असे तेरा आकडे घ्या.

मागच्या डेटाबद्दल: बदलांची नोंद चालू असेल तर पहिली कबूल तारीख तिच्यातून काढता येते. एसएपीत ती `CDHDR` आणि `CDPOS` या टेबलांत असते. अशी नोंद चालूच नसेल, तर मागचा आकडा नव्या व्याख्येने पुन्हा बनवायच्या फंदात पडू नका. नवा रकाना सुरू झाला त्या तारखेपासून मोजा, तीन महिने जुना आणि नवा आकडा शेजारी दाखवा, आणि नव्याच्या खाली लागू झाल्याची तारीख छापा. पहिल्याच महिन्यात नवा आकडा बराच खाली दिसेल, तेव्हा वरिष्ठांना तो चालू होण्याआधीच वर दिलेलं चार ओळींचं उदाहरण तुमच्याच एखाद्या ऑर्डरवर करून दाखवा.