नोकरी सोडून कारखाना काढताना: राजीनाम्याच्या पत्राबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मी पंप बनवणाऱ्या कंपनीत डिझाइन इंजिनिअर आहे. रबराचे सील आणि गॅस्केट बनवायचं छोटं युनिट टाकतोय. राजीनाम्यात खरं कारण लिहू की ‘वैयक्तिक कारणास्तव’ एवढंच?

खरं कारण लिहा, पण अर्ध्या ओळीत: ‘स्वतःचा उत्पादन व्यवसाय सुरू करण्यासाठी’. काय बनवणार, कुठे, कोणासोबत आणि कोणाला विकणार यातलं काहीही पत्रात नको. हे पत्र तुमच्या साहेबांपुरतं राहत नाही. ते तुमच्या फाईलला लागतं आणि उद्या वाद झाला तर कंपनीचा वकील आधी तेच काढतो. ‘आपल्याला लागणारे सीलच मी बनवणार आहे’ असं उत्साहानं लिहिलेलं वाक्य तेव्हा वेगळ्याच अर्थानं वाचलं जातं.

‘वैयक्तिक कारणास्तव’ लिहिलं तर बिघडत नाही. खोटं मात्र लिहू नका. उच्च शिक्षण, घरातलं आजारपण असली कारणं दोन महिन्यांनी युनिटची पाटी लागली की उघडी पडतात आणि मग तुमच्या बाकीच्या सरळ वागण्यावरही शंका घेतली जाते.

पत्र असं पुरेल:

> विषय: डिझाइन इंजिनिअर पदाचा राजीनामा
>
> महोदय,
>
> स्वतःचा उत्पादन व्यवसाय सुरू करण्यासाठी मी माझ्या पदाचा राजीनामा देत आहे. नेमणूकपत्रानुसार नोटीसची मुदत ६० दिवसांची आहे. ती उद्या, ४ मार्चपासून मोजल्यास २ मे हा माझा कामाचा शेवटचा दिवस ठरतो.
>
> माझ्याकडील कामांची यादी सोबत जोडली आहे. ती कोणाकडे सोपवायची ते कळवावे. माझ्याकडील कंपनीच्या सर्व वस्तू आणि कागदपत्रे शेवटच्या दिवसापर्यंत परत करीन.
>
> राजीनामा मिळाल्याची आणि शेवटच्या दिवसाची लेखी पोच द्यावी, ही विनंती.
>
> आपला,
> (नाव, कर्मचारी क्रमांक, दिनांक ३ मार्च)

आभाराची एक ओळ घालायची तर घाला. पगाराबद्दलची नाराजी, बढती हुकल्याचं दुःख, कंपनीच्या कारभारावरची टिप्पणी यांना इथे जागा नाही.

प्रश्न: शेवटचा दिवस नेमका कसा मोजायचा? एचआर म्हणतं, साहेबांनी राजीनामा मंजूर केला त्या दिवसापासून.

नेमणूकपत्रातलं कलम शब्द न शब्द वाचा. तिथे ‘लेखी नोटीस दिल्यापासून’ असेल तर मंजुरीची तारीख मध्ये येत नाही, आणि तेच वाक्य उद्धृत करून एचआरला ईमेल करा. ‘६० दिवस’ आणि ‘दोन महिने’ हेही एक नाही. वरच्या पत्रात ४ ते ३१ मार्चचे २८ दिवस, एप्रिलचे ३० आणि मेचे २ मिळून ६० होतात. ‘६० कामाचे दिवस’ असं लिहिलेलं असेल तर तारीख कितीतरी पुढे जाते. शिल्लक रजा नोटीसमधून वजा होते की तिचे पैसे मिळतात, नोटीस काळात रजा घेतली तर मुदत वाढते का, हेही त्याच कलमाच्या आसपास सापडतं.

म्हणूनच पत्रात ‘नियमानुसार’ असं मोघम लिहू नका, तारीख घाला. मग चूक दाखवून द्यायचं काम समोरच्याकडे जातं. पत्र ईमेलनं साहेब आणि एचआर दोघांना एकदमच पाठवा आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवा. नुसतं तोंडी सांगितलं किंवा कागद टेबलावर ठेवून आलात, तर आठवड्यानं ‘पत्र मिळालंच नाही’ हेही ऐकायला मिळतं.

प्रश्न: मशीनवाल्यानं प्रेस दोन महिन्यांत देतो म्हटलंय. माझी नोटीसही दोन महिन्यांचीच आहे. आजच पत्र देऊन टाकू?

मशीनवाल्यानं दिलेल्या तारखेवर राजीनाम्याची तारीख बांधू नका. रबर मोल्डिंगच्या छोट्या युनिटमध्ये बहुतेक वेळा प्रेसनं काम अडत नाही. प्रेस येऊन पडलेली असते आणि थ्री-फेज जोडणीचा भार मंजूर नसतो. प्लेट तापवायला आणि हायड्रॉलिक पंप फिरवायला तो भार लागतोच, तात्पुरत्या जोडणीवर ते चालत नाही. जागेचा ताबा आणि पुरेशा भाराची मंजुरी हातात आली की मग पत्र द्या.

नोटीसच्या काळात घरच्या वेळात करण्यासारखं एकच मोठं काम आहे, ते म्हणजे पहिला मोल्ड. पहिल्याच मोल्डमधून बरोबर मापाचा सील निघेल असं धरू नका. रबर मोल्डमधून बाहेर पडून थंड झालं की आकसतं. साधारण दीड ते तीन टक्के, कंपाउंडप्रमाणे कमीजास्त. १०० मिलिमीटर व्यासाचा सील हवा म्हणून पोकळीही १०० ची कापली आणि आकुंचन दोन टक्के निघालं, तर हातात ९८ चा सील येतो. मग पोकळी सुमारे १०२ ची करावी लागते. पोकळी लहान राहिली असेल तर धातू कापून मोठी करता येते, पण मोठी झालेली पोकळी सहज लहान करता येत नाही. आकड्याची खात्री नसेल तर पहिली पोकळी थोडी लहानच ठेवतात. त्यानंतर दुसरी ट्रायल, मग ग्राहकाची मंजुरी. पगार थांबल्याच्या दिवसापासून पहिलं बिल निघेपर्यंतच्या खर्चाची सोय हे सगळं धरून करा.

आणि हे काम कंपनीच्या वेळात, कंपनीच्या लॅपटॉपवर किंवा कंपनीच्या सीएडी लायसन्सवर अजिबात नको. फाईलच्या माहितीत लायसन्सचं आणि वापरणाऱ्याचं नाव राहतं.

प्रश्न: आमच्या कंपनीला सील पुरवणारे तीन व्हेंडर मला चांगले माहीत आहेत. त्यांची कोटेशन माझ्याच टेबलावरून जातात. नोटीस काळातच कंपनीला माझंही कोटेशन दिलं तर?

देऊ नका. तुम्हाला तिघांचे दर दिसतात, नाकारलेल्या मालाचे अहवाल दिसतात आणि ड्रॉइंगला मंजुरीही तुम्हीच देता. अशा जागी बसून दिलेला दर कितीही प्रामाणिक असला तरी तो इतरांचे दर बघून दिलाय असंच ठरेल. त्यात एका व्हेंडरचा मोल्ड तुमच्या शेऱ्यामुळे नापास झाला असेल, तर त्याला तक्रारीचं आयतं कारण मिळतं.

उलट, पत्र दिल्याच्या दिवशीच साहेबांना वेगळ्या ईमेलनं कळवा की सील आणि गॅस्केटच्या खरेदीचं काम दुसऱ्याकडे द्यावं, कारण पुढे तुम्ही याच वस्तू बनवणार आहात. राजीनाम्यात हे नको, पण वेगळं सांगणं गरजेचं आहे. तो ईमेल नंतर तुमच्याच बाजूनं बोलतो. सेवा संपल्यावर रीतसर व्हेंडर नोंदणी करून कंपनीला माल द्यायला बहुतेकदा हरकत नसते. करारात ग्राहक किंवा पुरवठादारांविषयी मुदतीची बंदी आहे का, ते आधी बघा. तशी बंदी असेल आणि तुमचं उत्पादन कंपनीच्याच उत्पादनाशी टक्कर घेणारं असेल, तर पत्र द्यायच्या आधीच वकिलाला दाखवा. असं कलम लागू पडतं की नाही, हे जागोजागी वेगळं ठरतं.

प्रश्न: इतकी वर्षं जे शिकलो ते वापरायचं नाही का? कुठली माहिती माझी आणि कुठली कंपनीची?

नायट्राइल रबर खनिज तेलात टिकतं आणि ईपीडीएम त्यात फुगतं, गंधकानं व्हल्कनायझेशन होतं, जास्त तापमानाला क्युअरचा वेळ कमी लागतो, हे कुठल्याही पाठ्यपुस्तकात आहे. ते खुशाल वापरा. पण कंपनीच्या एखाद्या सीलच्या कंपाउंडमध्ये शंभर भाग रबराला किती भाग कार्बन ब्लॅक, कुठला प्रवेगक, किती तापमानाला किती मिनिटं, हे कंपनीनं ट्रायल करून बसवलेलं असतं. ते पाठ असलं तरी तुमचं होत नाही. ड्रॉइंग, टॉलरन्सच्या नोंदी, तपासणीचे अहवाल आणि व्हेंडरचे दर यांनाही हेच लागू.

लोक घसरतात ते शेवटच्या पंधरवड्यात. ‘नमुना म्हणून’ चार ड्रॉइंग स्वतःच्या ईमेलवर पाठवतात, नाहीतर पेन ड्राइव्हवर घेतात. राजीनाम्यानंतर सर्व्हरवरच्या नोंदी तपासल्या जाणं अगदी साधं आहे. घरच्या संगणकावर जुन्या फाईल आधीपासून असतील तर परस्पर पुसूनही टाकू नका. त्या लेखी कळवा आणि कंपनी सांगेल तसं करा. नाहीतर पुसणं म्हणजे लपवणं असा अर्थ काढतात.

प्रश्न: हँडओव्हरची यादी किती बारीक असावी?

तुमच्या जागी येणाऱ्याला तुम्हाला फोन करावा लागू नये, इतकी. डिझाइनवाल्यांचं सगळ्यात जास्त अडतं ते ‘जवळजवळ झालेल्या’ कामांत. ‘सील हाउसिंगचं ड्रॉइंग अपडेट करणे’ ही नोंद निरुपयोगी आहे. ती अशी असावी: ‘सील हाउसिंग, सुधारणा ‘सी’. खाचेची खोली बदलली, ड्रॉइंग तपासून झालं, मंजुरी बाकी. व्हेंडरकडे अजून सुधारणा ‘बी’ आहे, पुढची ऑर्डर जाण्याआधी नवी प्रत द्यायची.’ ही शेवटची ओळ राहिली तर जुन्या मापाचे भाग बनून येतात आणि खापर गेलेल्या माणसावर फुटतं.

व्हेंडरकडे पडलेले कंपनीचे मोल्ड, फिक्स्चर आणि गेज यांची जागा लिहा. तुमच्या नावावर दिलेलं कॅलिपर, नमुने, ओळखपत्र, लॅपटॉप यांची वेगळी यादी करा. प्रत्येक वस्तू परत दिली की घेणाऱ्याची सही आणि तारीख घ्या. हिशोब पूर्ण व्हायला उशीर होतो तो बऱ्याचदा एखाद्या गेजच्या न सापडणाऱ्या नोंदीमुळेच.

प्रश्न: ‘भविष्यात संधी मिळाल्यास पुन्हा काम करायला आवडेल’ असं लिहून ठेवू का? धंदा चाललाच नाही तर?

नको. नीट दिलेला हँडओव्हर लोकांच्या लक्षात राहतो, ते वाक्य कोणी वाचतही नाही.

प्रश्न: पत्र दिलं आणि त्याच संध्याकाळी ‘उद्यापासून येऊ नका’ असं सांगितलं. आता?

प्रतिस्पर्धी होण्याची शंका आली की कंपन्या असं करतात. भांडू नका, ईमेल करा: ‘आज मला उद्यापासून कामावर न येण्यास सांगण्यात आले. माझी सेवा आज संपली असे धरावे की नोटीसच्या मुदतीपर्यंत पगारासह सुरू आहे, ते कळवावे.’ उत्तर येईपर्यंत तुम्ही त्यांच्याच नोकरीत आहात असं समजून वागा. युनिटच्या नावानं बिल काढू नका, कोटेशन देऊ नका. हँडओव्हरची यादी तरीही पाठवा आणि वस्तू घ्यायला कोण येणार ते विचारा.