कामाची वेळ बदलतेय, पण सूचना हुकूमासारखी वाटू नये

प्रश्न: आठ जणांची टीम आहे. पुढच्या महिन्यापासून 10 ते 6:30 ऐवजी 9 ते 5:30 अशी वेळ होणार, ते पक्कं झालंय. हुकूम सोडल्यासारखं न वाटता हे कसं लिहू?

उत्तर:

पहिल्यांदा ‘सूचित करण्यात येते की’ खोडा. त्या वाक्यात निर्णय कोणी घेतला ते कुठेच दिसत नाही, आणि नेमकं तेच लोकांना खुपतं.

माझी चूक मात्र उलटी होती. असाच बदल कळवताना मी गोड लिहायला गेलो: ‘सर्वांच्या सोयीसाठी आपण वेळ बदलत आहोत, काही सूचना असल्यास जरूर कळवा.’ दोघांनी खरंच रात्री बसून लांबलचक सूचना लिहिल्या. निर्णय तर आधीच झालेला होता. त्यांना नव्या वेळेपेक्षा खोट्या विचारण्याचा राग जास्त आला. शिवाय ‘आपण’ कसलं? त्या ‘आपण’मध्ये ते नव्हतेच.

त्यामुळे काय ठरलंय आणि काय अजून मोकळं आहे, हे वेगवेगळं सांगा. मी आता साधारण असं लिहीन:

‘नमस्कार. येत्या 1 तारखेपासून आपली वेळ 9 ते 5:30 होईल. कामाचे तास तेवढेच राहतील. सकाळी 9 ते 10 मध्ये ग्राहकांचे बरेच फोन येतात आणि ते उचलायला कोणी नसतं, म्हणून मी हा निर्णय घेतला आहे. घरची सकाळची घडी यामुळे बदलावी लागेल, मुलांना शाळेत सोडणाऱ्यांना तर जास्तच, याची मला कल्पना आहे. पहिले 2 आठवडे 9 चे फोन मी घेईन. तोवर 9:30 पर्यंत आलात तरी चालेल. त्यानंतरही कोणाला 9 जमणार नसेल, तर या गुरुवारपर्यंत मला भेटा किंवा फोन करा, त्यातून काय मार्ग निघतो ते बघू. जेवणाची सुट्टी 1 ला हवी की 1:30 ला, ते तुम्हीच ठरवा.’

यात ‘कृपया’ एकदाही नाही, तरी ते तुसडं वाटत नाही. समजूतदारपणा दिसतो तो ‘9 चे फोन मी घेईन’ या वाक्यात, कारण त्यात थोडी झळ तुम्हीही सोसताय. अर्थात ते जमणार नसेल तर लिहूच नका.

पाठवण्याआधी दोन कामं करा. नेमणूकपत्रात वेळ लिहिलेली असेल तर एचआरला विचारा, कारण किती दिवस आधी कळवायचं किंवा संमती घ्यायची का, हे त्यावर ठरतं. आणि ज्याला हा बदल सगळ्यात जड जाणार, त्याच्याशी आदल्या दिवशी समोरासमोर बोला. त्याला ही बातमी ग्रुपवर कळता कामा नये.

ग्रुपवर कोणी अडचण मांडलीच, तर तिथे नियम समजावत बसू नका. ‘थोड्या वेळात फोन करतो’ एवढंच लिहा आणि खरंच करा. बाकीचे सात जण तेच बघत असतात.