अमेरिकेत कंपनी बायकांनाच मेकअपची सक्ती करू शकते का? पुरुषांना तर काहीच नाही!

नियम वेगळा आहे एवढ्यानेच तो बेकायदा ठरत नाही. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याखाली बरीच न्यायालयं एकच गोष्ट बघतात: दोन्हीकडचे नियम एकत्र धरले, तर एका बाजूवर जास्त भार पडतो का?

रीनोमधल्या हॅराज कॅसिनोत बारटेंडर असलेल्या डार्लिन जेस्पर्सन यांचं प्रकरण बघा. बायकांना पावडर, ब्लश, मस्कारा, लिपस्टिक सक्तीचं. पुरुषांना मेकअप बंद आणि केस कॉलरच्या वर. त्यांनी नकार दिला, नोकरी गेली. २००६ मध्ये अपील न्यायालयात त्या हरल्या, कारण मेकअपला लागणाऱ्या वेळेचा आणि पैशांचा पुरावाच दाखल नव्हता. मेकअपला जास्त वेळ आणि पैसा लागतो हे उघडच आहे, असं मानायला न्यायाधीशांच्या बहुमताने नकार दिला. मला हा निकाल अन्यायकारक वाटतो, पण त्यातून घ्यायचं ते घ्या: सामानाच्या पावत्या ठेवा, रोजची मिनिटं लिहा, पुरुषांचे नियमही लेखी मिळवा.

उलट १९७९ मध्ये एका बँकेने बायकांना गणवेश आणि त्याच कामाच्या पुरुषांना साधे ऑफिसचे कपडे, असा नियम ठेवला होता. तो बेकायदा ठरला.