टोमणा की मनापासून? आधी त्या माणसाचे जुने मेसेज वाचा

प्रश्न: मेसेजमध्ये समोरचा टोमणा मारतोय की मनापासून लिहितोय हे कसं ओळखायचं? आवाज नाही, चेहरा नाही. काल मॅनेजरने ऑफिसच्या ग्रुपवर मला लिहिलं, "वा, छान. वेळेत दिलंस." तेव्हापासून डोकं फिरलंय.

उत्तर:

नुसत्या शब्दांवरून ओळखता येत नाही. ज्यांना वाटतं येतं, ते सगळ्यात जास्त चुकतात, आणि त्यात माझा नवरा पहिला. हे मी त्याच्या तोंडावर सांगितलंय त्यामुळे इथे लिहायला काही हरकत नाही.

आम्ही ठाण्याला घोडबंदर रोडला राहतो, सोसायटीच्या तीन विंग. पाणी खालच्या मोठ्या टाकीत येतं आणि पंपाने गच्चीवरच्या टाक्या भरतात, आधी ए, मग बी, सगळ्यात शेवटी सी. त्या मे महिन्यात पाण्याची बोंब होती, नवरा तेव्हा सेक्रेटरी होता, रात्रभर टँकरवाल्यांना फोन करून करून पहाटे कसेबसे टँकर आणले. सकाळी ए विंगमधल्या एका काकांचा ग्रुपवर मेसेज आला, "वा सेक्रेटरीसाहेब. पाणी आलं. आपले उपकार विसरणार नाही."

आता हे लक्षात घ्या की त्या वेळी पंप बी विंगवर होता आणि सी विंगचे नळ कोरडे होते. सी विंगच्या लोकांनी बादल्या नळाखाली लावलेल्या, मुलांच्या परीक्षा, ऑफिसची घाई, आणि समोर "पाणी आलं, उपकार विसरणार नाही". त्यांना तो टोमणाच वाटला. एकाने हसण्याची इमोजी टाकली, दुसऱ्याने लिहिलं "काका, सिक्सर!", मग धडाधड हसरे चेहरे. नवऱ्याने मेसेज पाहिला तो त्या हसण्यांसकट पाहिला. डोळ्याला डोळा लागलेला नव्हता, त्याने तिथेच लिहिलं, "काका, एवढं सोपं वाटत असेल तर उद्यापासून तुम्हीच बघा." काका काही न बोलता ग्रुपमधून बाहेर पडले. पुढे कित्येक महिने लिफ्टमध्ये भेटले तरी नवऱ्याकडे बघायचे नाहीत.

मी त्याच दिवशी सांगत होते की काकांनी मनापासून लिहिलंय. नवऱ्याचं म्हणणं, आणि आजही तेच, "शब्दच तसे होते, उपकार वगैरे आजकाल कोण लिहितं?" तर काका लिहितात! मी ग्रुप वर स्क्रोल करत करत जुने मेसेज काढून त्याला दाखवले. लिफ्ट दुरुस्त झाली तेव्हा, "वा. लिफ्ट सुरू झाली. आभारी आहे." पाडव्याला, "आपणा सर्वांस शुभेच्छा." वॉचमनने त्यांचं पार्सल सांभाळून ठेवलं तर त्यालासुद्धा "आपले उपकार". माणूस मंत्रालयात आयुष्यभर टिपण्या लिहून रिटायर झालाय, प्रत्येक वाक्याला पूर्णविराम आणि प्रत्येकाला आपण. त्यांचं नेहमीचं बोलणंच असं आहे. उलट माझा नवरा मला एरवी "येताना दूध आण" असं लिहितो, पण चिडला की "आपण म्हणाल तसं" असं येतं, तेव्हा मला लगेच कळतं काहीतरी बिनसलंय. तोच आदरार्थी शब्द, काकांचा साधा आणि नवऱ्याचा तिरका, कारण काका रोज तसं लिहितात आणि नवरा कधीच लिहीत नाही. म्हणून मेसेज एकटा वाचायचा नाही, त्याच माणसाच्या आधीच्या दहा-पंधरा मेसेजच्या शेजारी ठेवून वाचायचा. नेहमीसारखा असेल तर सरळ घ्या. एकदम भाषा बदलली असेल, जास्त गोड झाली असेल, तू चं आपण झालं असेल, तर शंका घ्यायला जागा आहे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे आणि ती कोणीच बघत नाही. टोमणा कळतो कसा, तर समोर दिसणारी परिस्थिती आणि लिहिलेले शब्द जुळत नाहीत म्हणून. धो धो पाऊस पडत असताना कोणी म्हणालं "काय सुंदर ऊन पडलंय" तर कळतं, कारण पाऊस दोघांनाही दिसतोय आणि दोघांना माहितीये की दुसऱ्यालाही दिसतोय. मेसेजमध्ये तेच नसतं. काकांच्या नळाला पाणी होतं, सी विंगच्या नळाला नव्हतं. काकांच्या घरात ते वाक्य शंभर टक्के खरं होतं. त्यात काकूंचं ऑपरेशन होऊन त्या नुकत्याच घरी आल्या होत्या, हे मला काकूंनीच नंतर सांगितलं, त्या घरात पाणी येणं म्हणजे काय असेल विचार करा. सी विंगने आपल्या नळाकडे बघून काकांचं वाक्य वाचलं. त्यामुळे खटकलं की आधी विचारायचं, हा माणूस आत्ता कुठे आहे, त्याला काय दिसतंय, आणि तिथून बघितलं तर हे वाक्य खरं ठरतं का? ठरत असेल तर टोमणा शोधायचं कारणच उरत नाही.

हे फक्त आमच्याच सोसायटीत होतं असंही नाही. १९८२ मध्ये अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या कॉम्प्युटरवरच्या सूचनाफलकावर हेच झालं. लिफ्टचा दोर तुटला तर आत ठेवलेल्या पाऱ्याच्या थेंबाचं काय होईल असं कोडं चाललं होतं, त्यावर एकाने गमतीत सूचना टाकली की लिफ्टमध्ये पारा सांडलाय, सावध राहा. जे आधीपासून वाचत होते त्यांना गंमत कळली, मागून आलेल्यांना ती खरी वाटली. त्यावरून चर्चा झाली आणि १९ सप्टेंबरला तिथलेच संगणकतज्ज्ञ स्कॉट फालमन यांनी सुचवलं की गमतीच्या मजकुराला :-) असं चिन्ह लावा. म्हणजे हसरा चेहरा सजावटीला आलेला नाही, मधूनच वाचणाऱ्याला मागचं माहीत नसतं म्हणून आला.

आणि पाठवणाऱ्याला हे का कळत नाही याचंही उत्तर आहे. २००५ मध्ये जस्टिन क्रूगर, निकोलस एपली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास छापून आला. विद्यार्थ्यांनी काही वाक्यं उपरोधाने आणि काही गंभीरपणे एकमेकांना पाठवायची, कधी ईमेलने तर कधी आवाजात. पाठवणाऱ्यांना वाटत होतं की साधारण ७८ टक्के वेळा समोरच्याला बरोबर कळेल. आवाजात ७३ टक्क्यांच्या आसपास कळलं, पण ईमेलमध्ये ५६ टक्केच, आणि नाणं उडवून सांगितलं तरी ५० टक्के बरोबर येतंच. कारण आपण लिहिताना आपला आवाज आपल्या डोक्यात वाजत असतो, तो मेसेजबरोबर जात नाही हे लक्षातच राहत नाही. वाचणारेही तितक्याच खात्रीने आपला अर्थ लावत होते, म्हणजे माझ्या नवऱ्याची खात्री हा काही पुरावा होत नाही!

याच अभ्यासात एक उपाय सापडतो. काहींना आपलं वाक्य उलट्या सुरात मोठ्याने वाचायला लावलं, म्हणजे गंभीर असेल तर टोमण्याच्या सुरात, आणि त्यांचा फाजील आत्मविश्वास कमी झाला. मी हे दोन्ही बाजूंनी वापरते. पाठवायच्या आधी एकदा कुत्सित आवाजात वाचून बघते, फिट बसलं तर एखादा ठोस तपशील घालते. "छान केलंस" दोन्ही सुरात बसतं, पण "छान केलंस, तो तिसरा तक्ता नीट लावल्यामुळे मला क्लायंटला लगेच सांगता आलं" हे कुत्सितपणे वाचायला जमतच नाही, बघा करून. आणि आलेला मेसेज टोमणा वाटला तर तोच आपल्या सगळ्यात प्रेमळ मावशीच्या आवाजात वाचते. तसाही नीट बसला तर सरळ मानते.

पूर्णविरामाबद्दल तरुण मंडळी हमखास सांगतात की शेवटी टिंब म्हणजे माणूस चिडलाय. ते अगदी खोटं नाही, २०१६ च्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात कॉलेजच्या मुलांना टिंब असलेली उत्तरं कमी मनापासूनची वाटली होती, पण तीच उत्तरं हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत दाखवली तर फरक पडला नाही. म्हणजे ती मेसेजवर वाढलेल्यांची सवय आहे. साठीच्या माणसाला ती लावू नका.

तरी एवढं करूनही नाही कळलं तर? शब्दांचा जो सरळ अर्थ आहे त्यालाच उत्तर द्या. नवऱ्याने नुसतं "धन्यवाद काका, आता सी विंगचा पंप लावतोय" एवढं लिहिलं असतं तर? काका खरे असतील तर त्यांना आनंद झाला असता. टोमणा असता तर तो तिथेच विरला असता, आणि सी विंगला पाणी कधी येणार तेही कळलं असतं. खऱ्या माणसाला टोमणेबाज ठरवलं तर माणूस तुटतो, टोमण्याला खरं मानलं तर आपलं फार काही जात नाही. हे मी नवऱ्याला इतक्यांदा सांगितलंय, तो म्हणतो "मग लोक डोक्यावर बसतील". कोणी बसलेलं नाही.

आता हेही खरं की काही लोक मुद्दाम असं लिहितात की पकडता येऊ नये, विचारलं तर "अगं, मी तर कौतुकच केलं" म्हणून मोकळे. तिथे एका मेसेजवर जाऊ नका, असं पुन्हा पुन्हा आणि चारचौघांतच होतंय का ते बघा. अनोळखी माणसाचे जुने मेसेज नसतात, तिथे माझी पद्धत चालत नाही. आणि वर दिलेले अभ्यास इंग्रजी लिहिणाऱ्यांचे आहेत, आपल्याकडचे आकडे तसेच असतील असं नाही.

तुमच्या मॅनेजरचं म्हणाल तर बाकीच्यांना ते काय लिहितात ते वर जाऊन बघा. सगळ्यांनाच "वा, छान" असेल तर विषय संपला. काम खरंच वेळेत दिलं होतं ना? मग वाक्य खरंच आहे. उशिरा दिलं असेल तर मात्र तो टोमणा असू शकतो, आणि तो चुकवायचं कारण नाही, "उशीर झाला सर, पुढचं गुरुवारी देते" असं लिहून टाका. दोन्हीतलं काही कळत नसेल तर ग्रुपवर विचारू नका, तिथे एकाने हसरा चेहरा टाकला की अर्थ दुसरेच ठरवतात. वेगळा मेसेज करा, "सर, त्यात काही बदल हवाय का?" किंवा सरळ दोन मिनिटं फोन करा.