पहिल्याच रिपोर्टवर हिपॅटायटिस ठरवू नका

प्रश्न: एलएफटी म्हणजे लिव्हरच्या रक्ततपासणीच्या रिपोर्टवरून लिव्हरला सूज आहे की पित्त अडकलंय, हे कसं ओळखायचं? एसजीपीटी ५०० च्या वर असेल तर हिपॅटायटिसच ना?

नाही. एसजीपीटी हे लिव्हरच्या पेशींतलं एन्झाइम. पित्ताचा खडा नळीत अडकला तरी ते एका रात्रीत पाचशे-सहाशेवर जाऊ शकतं. मी सांगलीत लॅबमध्ये काम करते, असले रिपोर्ट माझ्या हातावरून जात असतात. त्यातला एक तर घरातलाच आहे, आणि त्यावरून आमच्याकडे अजून वाद चालू आहे.

माझी आत्या तासगावला असते, वय ५८. रविवारी रात्री जेवणानंतर तिच्या उजव्या बरगडीखाली जोरात कळ आली, ती पाठीत गेली आणि उलट्या सुरू झाल्या. सोमवारी सकाळी तिथल्याच डॉक्टरांनी रक्त तपासायला दिलं. एसजीपीटी ६१२, एसजीओटी ५४०, अल्कलाइन फॉस्फेटेज म्हणजे अल्कफॉस १३८, बिलिरुबिन २.४. डॉक्टर म्हणाले, व्हायरल कावीळ आहे, आराम करा. पोटात कळ येऊन सुरू झालेली कावीळ आहे, सोनोग्राफी करून घ्या, असं मी फोनवर सांगितलं. पण तोवर आत्याचे थोरले दीर, म्हणजे आमचे आबा, पाल्याचा रस घेऊन आले होते. डोक्यावर काविळीची माळही घातली. तेल-तूप बंद, उसाचा रस सुरू.

आता हा सोमवारचा रिपोर्ट पुस्तकाप्रमाणे वाचू. एसजीपीटी नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या किती पट आहे ते काढायचं, अल्कफॉसचंही तसंच काढायचं, आणि पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. आत्याच्या रिपोर्टवर मर्यादा ४० आणि १२० होत्या. म्हणजे एसजीपीटी १५.३ पट, अल्कफॉस १.१५ पट, भागाकार साधारण १३. हा आकडा ५ किंवा जास्त आला तर मार लिव्हरच्या पेशींना बसलाय, २ किंवा कमी आला तर पित्त तुंबलंय, आणि मधला आला तर दोन्हींची सरमिसळ. मर्यादा ज्या-त्या रिपोर्टवर छापलेली असते तीच घ्यायची. अल्कफॉसची तर लॅबनुसार बरीच बदलते. या हिशेबाने १३ म्हणजे सरळसरळ हिपॅटायटिस. डॉक्टरांनी आकडे चुकीचे वाचले असं मी म्हणत नाही. त्यांनी वेळ बघितली नाही, एवढंच म्हणते.

कारण एसजीपीटी हा गोदामात भरलेला तयार माल आहे आणि अल्कफॉस ऑर्डर आल्यावर बनवायचा. नळी तुंबून दाब वाढला की पेशींना इजा होते आणि आत साठलेलं एसजीपीटी-एसजीओटी काही तासांत रक्तात उतरतं. अल्कफॉस मात्र पित्त अडल्यावर पेशी नव्याने जास्त तयार करतात, मग ते रक्तात येतं. त्याला एक-दोन दिवस लागतात. म्हणून खडा अडकल्यावर पहिल्या दिवशी काढलेलं रक्त हिपॅटायटिससारखंच दिसतं.

गुरुवारी मी स्वतः जाऊन रक्त आणलं आणि आमच्याच मशीनवर लावलं. आमच्याकडच्या मर्यादा त्याच आहेत, त्यामुळे तुलना करता आली. एसजीपीटी २१०, अल्कफॉस ३९६, बिलिरुबिन ६.२, त्यातलं डायरेक्ट, म्हणजे लिव्हरने पित्तात सोडायला तयार केलेलं, ४.९. भागाकार करा: ५.२५ भागिले ३.३, म्हणजे १.६. त्याच बाईचा भागाकार सोमवारी १३ होता आणि गुरुवारी १.६. हिपॅटायटिस ए, बी आणि ई च्या तपासण्याही निगेटिव्ह आल्या. हाडात नसलेलं जीजीटीही वाढून ४८० आलं, म्हणजे अल्कफॉस हाडातून नाही, पित्ताच्या बाजूनेच वाढलंय.

रिपोर्ट बघून आबा काय म्हणाले? “सहाशेचं दोनशेवर आलं का न्हाई? औषध लागू पडलं की गं पोरी.”

मला राग येतो तो इथे. एसजीपीटी उतरलं ते पाल्याने नाही. पहिला दाबाचा तडाखा ओसरला की नवीन गळती कमी होते आणि रक्तात आलेलं एसजीपीटी दर दोन दिवसांनी साधारण निम्मं होत जातं. नळी बंद असली तरी ते उतरतं. त्याच कागदावर, खाली, बिलिरुबिन अडीच पट झालेलं आणि अल्कफॉस जवळजवळ तिप्पट झालेलं, ते मात्र कोणी बघायला तयार नव्हतं. एसजीपीटी उतरतंय आणि बिलिरुबिन चढतंय, हे बरं होण्याचं लक्षण समजू नका. एक तर नळी बंद आहे, नाहीतर हिपॅटायटिस इतका वाढलाय की गळायला पेशीच उरल्या नाहीत. व्हायरल काविळीत बिलिरुबिन थोडं मागाहून चढतं हे खरं, पण ते ठरवायचं काम डॉक्टरांचं, आबांचं नाही.

त्याच रात्री आत्याला थंडी वाजून ताप आला. अडलेल्या पित्तात जंतू झाले होते. मिरजेला नेलं. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले आणि मुख्य पित्तनलिका ११ मिलिमीटर फुगलेली दिसली. ती साधारण ६ पर्यंत असते. आतड्यातल्या गॅसमुळे नलिकेचं खालचं टोक दिसलं नाही, त्यामुळे खडा काही प्रत्यक्ष दिसला नाही. हे नेहमीचंच आहे. “सोनोग्राफीत खडा नाही” एवढंच वाचून निर्धास्त होऊ नका, नलिका किती रुंद आहे ते वाचा. अँटिबायोटिक सुरू करून दुर्बिणीने, म्हणजे ईआरसीपी करून, खडा काढला आणि पुढे पित्ताशयही काढलं. बिलिरुबिन उतरायला लागलं ते खडा निघाल्यानंतर.

आबा अजूनही प्रत्येक लग्नात सांगतात की निम्मं काम त्यांच्या पाल्याने केलं. पाल्याचं नाव का झालं तेही सांगते. हिपॅटायटिस ए बहुतेकांचा आपोआप बरा होतो. छोटा खडाही कधीकधी आपोआप आतड्यात निसटतो. श्रेय ज्याने माळ घातली त्याला मिळतं. खडा निसटला असेल तर मात्र एसजीपीटीबरोबर बिलिरुबिन आणि अल्कफॉसही उतरू लागतं.

तुमच्या प्रश्नाचं राहिलेलं उत्तर: डायरेक्ट बिलिरुबिन जास्त आहे म्हणजे पित्त अडकलंय, असं बरेच जण सांगतात. ते चूक आहे. ते दोन्हींत वाढतं, लघवीही दोन्हींत गडद होते. एसजीपीटी हजारांत असेल तर बहुधा व्हायरस, पॅरासिटामॉलचा जास्त डोस किंवा लिव्हरचा रक्तपुरवठा तुटणं, यांतलं काही असतं. तरी खड्याने हजार ओलांडलेलेही रिपोर्ट असतात. आणि एक रिपोर्ट पुरत नाही. दोन दिवसांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा करा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून बघा.

हा भागाकार वाढत्या वयाच्या मुलांना आणि गरोदर बायकांना जसाच्या तसा लावू नका. त्यांचं अल्कफॉस हाडांमुळे आणि वारेमुळे मुळातच जास्त असतं. आधीपासून सिरोसिस असेल तरी तो फसवतो. नळी नेमकी कुठे अडलीय हे रक्तातून कळत नाही. गोळ्यांनीही पित्त तुंबतं, त्यात नळी मोकळी असते आणि अल्कफॉस तरीही वाढतं, म्हणून चालू गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवा. काविळीबरोबर थंडी-ताप असेल किंवा माणूस असंबद्ध बोलायला लागला असेल तर दोन दिवसही थांबू नका, त्याच रात्री हॉस्पिटलला न्या.