साधं मॉइश्चरायझर झोंबतंय? मग सीरम बंद कर

अगं, रोजचं साधं मॉइश्चरायझरही झोंबायला लागलं आणि तोंड धुतल्यावर चेहरा ताणल्यासारखा वाटतोय, वर चमकतोय पण खाली कोरडा, तर त्वचेचं बॅरिअर, म्हणजे ओलावा धरून ठेवणारा वरचा थर, बिघडलंय समज. तेलकट आहे म्हणून अजून घासू नकोस!

ग्लायकोलिक, रेटिनॉल, व्हिटॅमिन सी, स्क्रब सगळं बंद. सकाळी नुसतं कोमट पाणी, रात्री सौम्य फेसवॉश, आणि चेहरा ओलसर असतानाच सेरामाइड-ग्लिसरीनवालं, बिनवासाचं क्रीम. सालं निघतात तिथे रात्री थोडी व्हॅसलिन. दिवसा झिंक ऑक्साइडवालं सनस्क्रीन, ते कमी झोंबतं.

साधारण 2 ते 4 आठवडे लागतात. झोंबणं पूर्ण थांबल्यावरच रेटिनॉल, तेही आठवड्यातून एकदा. आधी मेडिकलमधून आणलेली स्टिरॉइडवाली गोरेपणाची क्रीम लावत असशील तर मात्र थेट स्किनच्या डॉक्टरकडे जा.